किमान अठरा

देवदत्तला नागसेनचा राग यायचा, आणि त्या रागाला सांगण्यासारखं एकही कारण नव्हतं. नागसेननं त्याचं काही बिघडवलं असतं तर बरं झालं असतं, चारचौघांत सांगता तरी आलं असतं. पण रहिमतपूरचा हा पोरगा कोल्हापुरात एम.एस्सी.ला दोन वर्षं त्याच्या शेजारच्या बाकावर बसला, त्याच्या डब्यातलं लोणचं आवडीनं खाल्लं आणि दर परीक्षेत त्याच्यापेक्षा चार-दोन गुण कमीच मिळवले. एवढं असूनही शिकवता शिकवता कुठं अडलं की सर वळून बघायचे ते नागसेनकडं. देवदत्तकडं कोणी बघायचं नाही. त्याचं उत्तर बरोबरच असणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळं ते ऐकायची कुणाला घाई नव्हती.

शहाण्णव साली सांगलीच्या एका कॉलेजात संख्याशास्त्राची एकच जागा निघाली आणि शेवटच्या चाळणीत उरले नेमके हे दोघं. विभागप्रमुख शकुंतलाबाईंनी ठरवलं की दोघांनीही बी.कॉम.च्या वर्गावर एकच गणित मराठीतून शिकवून दाखवायचं. गणित त्यांना साताऱ्यातल्या शिक्षकांच्या शिबिरात सापडलं होतं. कुणीतरी ते फळ्यावर लिहिलं होतं, उतरवून घ्यायला वेळ नव्हता, म्हणून बाईंनी भाच्याच्या कॅमेऱ्यानं फळ्याचे दोन फोटो काढले. रोल धुऊन आला तसे दोन्ही फोटो त्यांनी देवदत्तच्या हातात ठेवले. तो सांगलीतच राहायचा आणि दुसऱ्या दिवशी मावशीकडं साताऱ्याला निघाला होता, आणि नागसेन तेव्हा साताऱ्यातच असायचा. एक तुझा, एक नागसेनला दे, असं म्हणून बाई तासाला गेल्या.

दुसऱ्या दिवशी एस.टी.नं इस्लामपूर सोडल्यावर देवदत्तनं फोटो पहिल्यांदा नीट बघितले. पहिल्यात सगळं स्वच्छ वाचता येत होतं. परीक्षेत अठ्ठेचाळीस प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, त्यातला एकच बरोबर. विद्यार्थी सगळी उत्तरं अंदाजानं ठोकतो. तर त्याची किमान अठरा उत्तरं बरोबर येण्याची संभाव्यता प्रसामान्य वितरणाच्या आधारे काढा. दुसऱ्यात फ्लॅश नेमका फळ्यावर आपटला होता. ‘अठरा’च्या आगेमागे पांढरा डाग पडला होता आणि ‘किमान’ त्यात पार बुडालं होतं.

किमान अठरा, की अठराहून जास्त, की बरोबर अठरा? शब्द बदलला की उत्तर बदलतं, हे देवदत्तइतकं दुसऱ्या कुणाला कळणार! त्यानं दोन्ही फोटो पुन्हा पाकिटात घातले. कऱ्हाड येईपर्यंत त्यानं स्वतःला सांगून बघितलं की साधा एक शब्द आहे, नागसेनला तोंडी सांगता येईल. साताऱ्याच्या स्टँडवर नागसेन त्याला घ्यायला आला होता, तेही सायकल घेऊन. त्यानं चहा पाजला, घरच्यांची चौकशी केली. देवदत्तनं त्याला डागाचा फोटो दिला आणि शब्दाचं काहीही सांगितलं नाही. चहा गोड होता आणि देवदत्तनं कप रिकामा केला.

शिकवायच्या दिवशी पहिला नंबर देवदत्तचा लागला. मागच्या बाकावर शकुंतलाबाई आणि प्राचार्य बसले होते. देवदत्तनं फळा सुरेख भरला. अठ्ठेचाळीस गुणिले पाव म्हणजे सरासरी बारा. त्याला पाऊणनं गुणलं की प्रचरण नऊ, त्याचं वर्गमूळ म्हणजे प्रमाण विचलन तीन. बारा आणि छत्तीस दोन्ही पाचांहून मोठे, तेव्हा सुट्या आकड्यांच्या द्विपदाच्या जागी सलग रेघेचं प्रसामान्य वितरण चालेल. अठरातून अर्धा वजा करायचा, साडेसतरा. त्यातून बारा गेले साडेपाच, भागिले तीन, एक पूर्णांक त्र्याऐंशी. कोष्टकात बघून उत्तर शून्य पूर्णांक शून्य तीनशे छत्तीस, म्हणजे शंभरात साधारण साडेतीन. पहिल्या बाकावरच्या प्रियंका नावाच्या मुलीनं विचारलं की अर्धा का वजा केला? देवदत्त म्हणाला की ती सातत्याची दुरुस्ती आहे, सूत्रातच आहे. मुलीनं मान हलवली आणि लिहून घेतलं.

मग बाहेर थांबलेल्या नागसेनला आत बोलावलं. त्यानं आधी फोटो वर धरून वर्गाला दाखवला आणि सरळ सांगून टाकलं की इथं एक शब्द दिसत नाही. मुलं हसली. तोही हसला. मग त्यानं फळ्यावर एकाला एक चिकटून उभे पट्टे काढले, सोळाचा, सतराचा, अठराचा, एकोणिसाचा, आणि त्यांच्या डोक्यांवरून एक उतरती वाकडी रेघ ओढली.

“उत्तरं सतरा येतील नायतर अठरा. साडेसतरा कुणाची येत न्हाईत,” तो म्हणाला. “पण ही रेघ सलग आहे, तिला मधल्या जागा पण लागतात. म्हणून अठराचा पट्टा साडेसतरापासून साडेअठरापर्यंत रुंद धरायचा. आता सांगा, अठरा धरून पुढचं सगळं पाहिजे असंल तर कापायचं कुठं?”

साडेसतरावर, मुलं म्हणाली. अठरावरच कापलं तर? तर अठराचा अर्धा पट्टा वाया जातो, प्रियंका म्हणाली, आणि उत्तर लहान येतं. नागसेननं ते करून दाखवलं, साडेतीनाचं सव्वादोन झालं. अठराहून जास्त असं असेल तर? मग अठराचा पट्टा नको, साडेअठरावर कापा. शून्य पूर्णांक शून्य एकशे पन्नास. आणि बरोबर अठराच? मग तो एकच पट्टा, पहिल्यातून दुसरं वजा. मुलं त्याच्या आधी उत्तरं ओरडत होती.

देवदत्त खिडकीपाशी बसून हे सगळं बघत होता आणि आतून जळत होता. डागाचा फोटो त्यानं स्वतःच्या हातानं दिला होता. स्वच्छ फोटो दिला असता तर नागसेननंही एकच उत्तर काढलं असतं की काय, हे त्याला आता कधीच कळणार नव्हतं.

आणि जागा देवदत्तला मिळाली. प्राचार्यांनी सांगितलं की परीक्षेत एका प्रश्नाला एकच उत्तर लिहायचं असतं, तीन-तीन उत्तरं दिली तर पोरं गोंधळतील. शकुंतलाबाई पुष्कळ बोलल्या, पण सही प्राचार्यांची होती.

नागसेनला स्टँडवर सोडायला देवदत्त गेला. न जाणं वाईट दिसलं असतं. साताऱ्याची गाडी लागल्यावर नागसेननं विचारलं, “तुझ्या फोटोत शब्द दिसत व्हता व्हय रं?”

देवदत्त म्हणाला, “दिसत होता.”

“मग मला सांगायचंस की गड्या,” नागसेन म्हणाला. आवाज चढवला नाही, काही नाही. पिशवी उचलली आणि गाडीत चढला. त्यानं चार शिव्या हासडल्या असत्या तर देवदत्तला तिथंच मोकळं वाटलं असतं. उलट चांगुलपणातही हा आपल्या पुढं निघून गेला, याचाच त्याला नव्यानं राग आला.

जूनमध्ये कॉलेज सुरू झालं. तोच वर्ग पुढच्या वर्षात आला होता. उजळणीला देवदत्तनं तेच गणित घातलं आणि साडेसतरापाशी येताच, त्या दिवशी गैरहजर असलेल्या एका मुलानं तोच प्रश्न विचारला. सूत्रात आहे म्हणायला त्याची जीभ रेटेना. त्यानं खडू घेतला आणि पट्टे काढले, सोळाचा, सतराचा, अठराचा, एकोणिसाचा. वरून रेघ ओढली. पट्टा अर्धा कापला की काय होतं ते दाखवलं. मुलाच्या तोंडावर उजेड पडला आणि देवदत्तला वर्षानुवर्षं हवं होतं ते त्या क्षणी मिळालं. सगळा वर्ग वळून त्याच्याकडं बघत होता.

प्रियंकानं हात वर केला.

“सर, त्या दुसऱ्या सरांनी असंच काढलं होतं,” ती म्हणाली. “ते कधीपासून येणार?”

देवदत्त म्हणाला की ते साताऱ्याला असतात, येणार नाहीत. वर्गात सगळीकडून ‘अरेरे’ झालं. मग मुलांनी माना खाली घातल्या आणि पट्टे वहीत उतरवून घेऊ लागली. सगळ्यांचे उतरवून होईपर्यंत त्याला ते पुसताही येईनात.