पहिल्या पानावरची विभूती

लातूरच्या शिवानीचं ऑनलाइन पुस्तकविक्रीचं खातं दहा दिवस बंद होतं. वापरलेली पुस्तकं नवी म्हणून विकल्याची तक्रार होती. घाऊक खरेदीची बिलं जोडूनही पहिलं अपील फेटाळलं, कारण त्यात दोषाचं मूळ कारणच पटण्यासारखं नव्हतं. ‘नीट’ परीक्षेच्या शिकवण्या सुरू झाल्या होत्या; पुस्तकं खपायचे हेच दिवस.

“अक्का, कुरिअरवर ढकल की,” धाकटा भाऊ मल्लेश म्हणाला.

“मागच्या वेळी तेच केलं न्हाई का, शहाण्या?”

तिनं शिल्लक गठ्ठा सोडला. प्रत्येक पुस्तकाचं वेष्टन काढून पहिल्या पानावर विभूतीची तीन बोटं ओढलेली होती. किल्लारीच्या भूकंपात घर पडलं तेव्हापासून तिचे वडील, अण्णा, विभूतीशिवाय काहीच सुरू करत नसत, आणि ही तर परीक्षेची पुस्तकं. अण्णांना जाऊन महिना झाला होता.

तिनं खरं कारण लिहिलं. खुणेच्या एकशेबारा प्रती विक्रीतून काढल्या, तक्रारदारांचे पैसे परत केले, यापुढे वेष्टन न उघडता फोटो काढूनच पाठवू, असं लिहून फोटो आणि बिलं जोडली. ‘ही पद्धत कायमची बंद केली आहे’ हे वाक्य तिनं तीनदा खोडलं. मग पुन्हा तसंच लिहून अपील पाठवलं.

तिसऱ्या दिवशी खातं सुरू झालं. पहिली ऑर्डर तिनं वेष्टनासकट बांधली.