फ्रिजवरचं वेळापत्रक

माझ्या बँकेच्या परीक्षेला आठवडा उरला, तेव्हा दिराने, निशांतने, रीझनिंगच्या उजळणीचं वेळापत्रक करून फ्रिजवर चिकटवलं. आधी बैठकव्यवस्थेची कोडी, मग निष्कर्ष नि असमानता, मग सांकेतिक भाषा नि नाती, पुढे वेळ लावून सराव चाचण्या आणि शेवटच्या दिवशी फक्त स्वतःच्या चुका. वेळापत्रक उत्तम होतं, कोण नाही म्हणतंय! पण अभ्यासाची वेळ रोज संध्याकाळी सात ते दहा. नेमकी तेव्हाच, दवाखान्याच्या बिल काउंटरवरून परतून, मी सासरच्या या मेल्यांसाठी लिट्ट्या, म्हणजे सत्तू भरलेले कणकेचे गोळे, निखाऱ्यावर भाजत असते.

शेवटच्या दिवशी, रविवारी, चुका बघायला बसणार, तर पाटण्यातलं सगळं गोत जेवायला हजर. बोटं चाटत निशांत सगळ्यांसमोर म्हणाला, "वहिनी, तयारी बघू. आठ जण गोल टेबलाभोवती मध्याकडे तोंड करून बसलेत..."

त्या तुपकट बोटांची मला शिसारी आली.

"दिसतायत की. सगळ्यांची तोंडं ताटाकडे आहेत," मी म्हटलं आणि चिमटा त्याच्या ताटात ठेवला. "आता नववी बसणार आहे. उठा भाऊजी, लिट्ट्या जळतायत."