गुळणीची पंधरा मिनिटे

खराडीतल्या त्या कंपनीच्या बसडेपोत सकाळी सव्वासहाला हेमाताई टेबल मांडून बसत, तेव्हा सगळे ड्रायव्हर पोटं आत घेत. टेबलावर श्वास तपासायचं यंत्र असे. त्यात फुंकल्याशिवाय बसची किल्ली मिळत नसे. बिबवेवाडीहून पहिल्या बसने येणाऱ्या हेमाताईंना माणूस यंत्राआधीच कळतो, अशी ख्याती होती, आणि ती त्यांनी स्वतःच पसरवली होती.

भीमराव आले ते मान खाली घालून. चौदा महिने दारूला शिवले नव्हते. दर मंगळवारी दारू सोडलेल्यांच्या बैठकीला जायचे, हे सगळ्या डेपोला ठाऊक होतं.

"या, लग्नाला निघाल्यासारखे सुगंधी होऊन आलात," हेमाताई म्हणाल्या. "फुंका."

भीमराव फुंकले. यंत्र किंचाळलं. आकडा शहाऐंशी, आणि दिवा लाल.

मागच्या रांगेतल्या माना पुढे आल्या. इथे शून्याच्या वर काहीही आलं की दुसरी चाचणी, आणि तीही लाल निघाली की नोकरी संपली. हेमाताईंनी चष्मा वर सरकवला. शहाऐंशीचा माणूस असा सरळ उभा राहत नाही, आणि डोळेही इतके स्वच्छ नसतात.

"काय घेतलंत?"

"काही नाही, ताई."

"भीमराव, मी यंत्राला विचारत नाहीये."

भीमराव बाकावर बसले. मग हळूच म्हणाले, "काल पुतण्याच्या, अभिनवच्या, घरी होतो. त्याने डबा दिला. म्हणाला, काका, बिनदारूची बिअर आहे, लहान पोरंही पितील. एक प्यायलो. तीच लागली असणार. जाऊ द्या ताई, किल्ली नको. माझंच चुकलं."

"कालची किती वाजता?"

"साडेसातला."

हेमाताईंनी मनातल्या मनात हिशेब मांडला. तसल्या डब्यावर अर्ध्या टक्क्याहून कमी लिहिलेलं असतं. सगळा डबा धरला, तरी दीड-पावणेदोन मिलीलिटर अल्कोहोल. शरीर ते तासाभरात उरकून टाकतं. रात्र सरल्यावर शहाऐंशी येणं शक्यच नव्हतं.

"आणि आज सकाळी?"

"आज तर काहीच नाही! उलट तोंडाला वास राहील म्हणून मेडिकलमधून गुळणीची बाटली आणली. आत्ता, फाटकाबाहेरच्या नळावर गुळणी करूनच आलो. औषध आहे ते."

"आणा इकडे ते औषध."

निळी बाटली. मागच्या बारीक अक्षरांवर हेमाताईंचं बोट फिरलं आणि थांबलं. "एकवीस टक्के अल्कोहोल. भीमराव, कालच्या डब्याच्या चाळीसपट कडक पाण्याने तोंड धुऊन तुम्ही पापाचा वास घालवायला आलात!"

रांगेत कुणी तरी फिस्सकन हसलं. भीमराव हसले नाहीत. त्यांचा चेहरा पांढरा पडला. "म्हणजे मी… आज सकाळी…?"

"गिळलंत का?"

"नाही. थुंकलो."

"मग ते तोंडातच आहे, रक्तात जवळजवळ काही गेलं नसणार. यंत्राला तोंड आणि रक्त यातला फरक कळत नाही. म्हणूनच नियम आहे: पंधरा मिनिटं थांबायचं, काही खायचं-प्यायचं नाही, मग पुन्हा फुंकायचं. समोर बसा. मी बघतेय."

ती पंधरा मिनिटं हेमाताई त्यांच्याकडे बघत राहिल्या. भीमरावांची नजर घड्याळाकडे नव्हती, हातांकडे होती.

"घाबरलात? शून्य येईल."

"आकड्याला नाही घाबरलो, ताई. गुळणीनं काहीच झालं नाही मला. कडू लागली, थुंकली, संपलं. पण तो डबा उघडला ना, फसकन आवाज आला, तो फेस, तो थंडपणा, आणि आतलं कुणी तरी उठून बसलं. रात्रभर एकच विचार, आता खरी आण. पुतण्याला वाटलं, दारू नाहीये. मला वाटलं, दारूच आलीय."

हेमाताईंनी निळी बाटली पुन्हा एकदा वाचली. बाटलीवरचा एवढा मोठा आकडा या माणसाला काही करू शकला नव्हता, आणि नसल्यासारख्या आकड्याने त्याची रात्र खाल्ली होती. मापात मावत नाही असं काही तरी समोर बसलेलं त्या पाहत होत्या.

पंधरा मिनिटं झाली. भीमराव फुंकले. हिरवा दिवा. शून्य.

रांगेने टाळ्या वाजवल्या. हेमाताईंनी किल्ली पुढे सरकवली. भीमरावांनी ती घेतली नाही.

"दोन मिनिटं द्या, ताई. आधी फोन करतो." त्यांनी बैठकीतल्या सोनबाकाकांचा नंबर लावला, रांगेसमोरच. "काका, भीमराव बोलतोय. यंत्रात शून्य आलंय. पण काल मी एक डबा प्यायलो, तो तुम्हाला सांगायचाय. मंगळवारपर्यंत थांबवत नाही."

हेमाताईंनी यंत्र बंद केलं. जे कुठल्याच यंत्राला सापडलं नसतं, ते हा माणूस स्वतः उचलून सगळ्यांसमोर ठेवत होता. पंचवीस वर्षं माणसं जोखणाऱ्या त्या बाईला पहिल्यांदाच कुणासमोर उभं राहावंसं वाटलं.

त्या उभ्या राहिल्या.