आठशे अठ्ठ्याऐंशीची रजई

रेशमी रजईच्या पोटात काय आहे हे वरून कुणालाच दिसत नाही. म्हणून चीनमधल्या तोंगशियांगजवळच्या त्या गावात रजईच्या कडेला हातभर चेन ठेवतात. गिऱ्हाइकाने उघडावी, आत बघावं, हात घालावा. शेन युएझेनच्या दुकानाच्या रजईला ही चेन होतीच, शिवाय कोपऱ्यात एक लाल दोऱ्याची गाठ असे. ती गाठ तिची सासू आछियाओ स्वतःच्या हाताने बांधायची. आत निव्वळ तुतीचं रेशीम आहे आणि चार बायकांनी चार कोपरे धरून ते हाताने ताणलं आहे, एवढाच तिचा अर्थ. एकतीस वर्षांत ती गाठ खोट्या मालावर पडली नव्हती. दुकानाच्या ऑनलाइन पानावर पहिला फोटोही त्या गाठीचाच होता, आणि सगळा धंदा त्या गाठीला टांगलेला होता.

नवरा गेल्यापासून धंदा युएझेन बघायची. अकरा नोव्हेंबरच्या महासेलमध्ये वर्षाचा निम्म्याहून जास्त माल जायचा. गेल्या साली दुकान आतल्या कुठल्यातरी पानावर पडलं होतं आणि विक्री निम्म्यावर आली होती. यंदा ऑक्टोबरच्या मध्यावर ऑनलाइन बाजाराच्या कंपनीतून तांग नावाच्या पोराचा फोन आला. त्यांच्याकडची अशी पोरं फार गोड बोलतात. गोड बोलणाऱ्याने काही मागितलं नाही तरच आश्चर्य.

"शेनताई, मुख्य पानावर जागा आहे. रजयांमध्ये तिघांनाच देतोय. तुमचं नाव मी पुढे केलंय."

"अटी सांग आधी."

"नेहमीच्याच. दोन हजार नग राखून ठेवायचे. दर तीनशेवर पन्नासची सूट तुमच्या खिशातून. आज तीनला नोंदणी बंद होते. त्यानंतर भाव वाढवता येत नाही, नग कमी करता येत नाहीत. माघार घेतलीत तर पुढचं वर्षभर कुठल्याच सेलमध्ये नाही."

"आणि भाव?"

"गेल्या तीस दिवसांत ज्या सर्वात कमी भावाला विकलंत, त्याच्या वर नको. बस."

युएझेन निर्धास्त होती. तिची दोन किलोची रजई बाराशे ऐंशी युआनला जायची. सेलसाठी तिने अकराशे नव्व्याण्णव ठरवले होते आणि संगणकाचं काम बघणाऱ्या लू फनला हिशेब मांडायला बसवलं होतं. लू फन तिशीची, तोंडाने फटकळ, आकड्यांत चोख.

"ताई, ऐका. गिऱ्हाईक दोन-चार वस्तू एकत्र घेणार, म्हणजे सूट पुरती सहाव्या हिश्शाची धरायची. उरले नऊशे नव्व्याण्णव. त्यात पन्नास कंपनीचं कमिशन. परत येणाऱ्या मालाचा विमा, जाहिरात, मिळून सत्तर. आणि आपला खर्च आठशे तीस. हातात किती, तर एकोणपन्नास."

"एवढेच?"

"एवढेच. पण हिरवं दिसतंय. लाल दिसलं असतं तर बोलले असते."

एकोणपन्नास तर एकोणपन्नास, दोन हजार नगांचे लाखाच्या घरात जातात. बाराशे रजयांचं रेशीम घरात येऊन पडलं होतं. उरलेल्या आठशेंचं तिने तांगचा फोन ठेवताच व्यापाऱ्याकडे सांगून ठेवलं होतं, पैसे द्यायचे होते. दीड वाजता लू फनने फॉर्म भरला, भाव टाकला, बटण दाबलं. भावाची चौकट लाल झाली.

"हे काय?" लू फन पडद्याजवळ सरकली. "म्हणतंय, कमाल भाव आठशे अठ्ठ्याऐंशी."

"काहीतरी चुकलंय."

"चुकलं नाही ताई. बारा दिवसांपूर्वी आठ नग आठशे अठ्ठ्याऐंशीला गेलेत. तुम्हीच विकलेत."

युएझेनने तारीख बघितली. तिला आठवलं.

सासूबाईंच्या धाकट्या बहिणीच्या मुलीचं लग्न होतं. नवरीच्या सामानात रजया जोडीने द्यायच्या, आणि आठ म्हणजे मान. फुकट दिलेली रजई लग्नात चालत नाही, नवरीचं सुख उधारीचं ठरतं. आणि सख्ख्या बहिणीकडून पूर्ण भाव घ्यायचा तर तोंड कुठे दाखवायचं? म्हणून आछियाओने आकडा ठरवला होता, आठशे अठ्ठ्याऐंशी, तीन आठ, शुभ. धाकट्या बहिणीला, म्हणजे मावशीला, दुकानाच्या पानावरूनच घ्यायच्या होत्या, सासरकडच्यांना पावती दाखवायला. युएझेनने पाच मिनिटं भाव खाली आणला, मावशीने आठ रजया घेतल्या, भाव परत वर गेला. सगळे खूश झाले. पाच मिनिटांत कोण बघतंय?

बघणारा बघतच होता. त्याला ना मावशी कळते, ना लग्न.

तिने तांगला फोन लावला. "अरे, ते घरचं लग्न होतं! तो भाव धंद्याचा नव्हे."

"ताई, मला पटतं हो. यंत्राला कुठे पटवू?"

"नवीन पान काढते रजईचं. जुना भावच राहणार नाही."

"नव्या पानाला विक्री नाही, गिऱ्हाइकांचे शेरे नाहीत. मुख्य पानावर कोण घेणार?" मग तो आवाज उतरवून म्हणाला, "भाव बदलत नाही ताई. खर्च बदलतो. बाकीच्या दोघांनी आठशेच्या आत भरलाय. ते काय घर विकून रजया देतात?"

युएझेनला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली, कारण तो काय म्हणतोय ते तिला लगेच कळलं होतं.

सासूबाई मागच्या खोलीत बायकांबरोबर रेशीम ताणत होत्या. युएझेनने त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं.

"आठच तर विकल्या!" म्हातारी तडकली. "आठांसाठी दोन हजारांना शिक्षा? कुठला कायदा हा?"

"त्यांचा."

"मग नको तो सेल. एक वर्ष नाही विकलं तर मरतो का आपण?"

"आई, गेल्या वर्षीच निम्मं गेलं. याही वर्षी गेलं तर या चार बायकांना वसंतात कामाला बोलवायचं कशाच्या जोरावर?"

आकडा आछियाओचा होता, हट्टही तिचा. भाजलेल्या हिरव्या दाण्यांचा चहा तिच्या पेल्यात तसाच गार होत होता. "तू बघ काय ते," एवढंच ती म्हणाली. तेवढ्यावर तिने विषय सोडला, आणि तिथेच सगळं बिघडलं असं मला वाटतं.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. युएझेन पुन्हा संगणकापाशी आली. अडीच वाजले होते.

"आठशे अठ्ठ्याऐंशीचं काय येतं?"

"सूट जाऊन सातशे चाळीस. कमिशन सदतीस, वर ते सत्तर. सहाशे तेहेतीस उरतात. खर्च आठशे तीस." लू फनने मान वर केली. "एका रजईमागे एकशे सत्त्याण्णव घालवायचे. दोन हजार नगांत आपण दोघी विकल्या जाऊ, आणि आपल्याला कुणी आठशे अठ्ठ्याऐंशी देणार नाही."

युएझेन हसली नाही. "रेशीम साठ टक्के धर. उरलेलं पॉलिस्टर."

लू फनची बोटं थांबली. "ताई."

"धर म्हटलं ना."

आकडे फिरले. घरातलं बाराशे रजयांचं रेशीम बरोबर दोन हजारांना पुरत होतं, जणू आधीच मोजून ठेवलं होतं. खर्च पाचशे बासष्ट. चौकट हिरवी झाली, नफा एकाहत्तर.

"खरी रजई एकोणपन्नास देत होती," लू फन हळूच म्हणाली.

दोन वाजून त्रेपन्न मिनिटांनी युएझेनने स्वतः बटण दाबलं. भाव आठशे अठ्ठ्याऐंशी, नग दोन हजार. शेजारी छोटं कुलूप उमटलं. पानावर 'शंभर टक्के तुतीचं रेशीम' ही ओळ होती तशीच राहिली. त्या ओळीला हात लावायचं कुणी बोललं नाही.

चौथ्या दिवशी टेम्पो आला. पांढरेशुभ्र गठ्ठे, वजनाला हलके, वासच नाही. कच्च्या रेशमाला ओलसर, किड्यांचा म्हणावा असा वास असतो. गावातल्या प्रत्येकाच्या अंगाला तो लागलेला. या गठ्ठ्यांनी खोली भरली आणि तो वास मागे हटला.

"मशीनवर पिंजलेलं रेशीम आहे," युएझेनने बायकांना सांगितलं. "मधला थर याचा. वरचा आणि खालचा आपण ताणायचा. दोन हजार नग हाताने वेळेत होणार नाहीत."

चेनपाशी बोट जाईल तिथे चोख रेशीम येईल, हे तिने बघितलं होतं. बायका एकमेकींकडे बघून कामाला लागल्या. मशीनचं नाव ऐकून एरवी आछियाओने घर डोक्यावर घेतलं असतं. या वेळी दिवसभर ताणायची, संध्याकाळी गाठी बांधायची. तीनशे रजया झाल्या, चारशे झाल्या. फक्त मधला थर ती स्वतः अंथरत नसे. तो शेजारी बसलेल्या बाईला अंथरायला लावी.

मग एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत बायका अंगणात होत्या आणि युएझेन रजयांवर लेबलं चिकटवत होती. सासू आत आली. तिने मधल्या थरातली एक चिमूट उपटली, देवळीतल्या आपल्या नवऱ्याच्या तसबिरीपुढची मेणबत्ती पेटवली आणि चिमूट ज्योतीवर धरली.

रेशीम जळतं तेव्हा केस जळल्याचा वास येतो आणि बोटांत कुस्करलं की राख होते. ही चिमूट आक्रसली, काळा धूर निघाला, जळक्या प्लास्टिकचा वास खोलीभर पसरला. मागे एक काळा, टणक मणी उरला. म्हातारीने तो निवू दिला आणि सुनेच्या तळहातावर ठेवला.

"आता मागे फिरता येतं?"

"नाही." युएझेनने मणी मुठीत धरला. "कुलूप लागलंय. नग कमी होत नाहीत. पाठवल्या नाहीत तर प्रत्येक रजईमागे दंड."

"बघणारा भाव बघतो. पोट बघत नाही, होय ना?"

युएझेनला वाटलं आता शिव्या पडतील, आणि शिव्या पडाव्यात असंच तिला मनापासून वाटत होतं.

"आकडा माझा होता," आछियाओ म्हणाली. "म्हणून ताणते. हात देते. त्याहून जास्त मागू नकोस."

तिने खिशातली छोटी कात्री काढली आणि तयार रजयांच्या थप्पीपाशी बसली. पहिल्या रजईचा कोपरा ओढला, लाल गाठ कापली. दुसरीची कापली. बायका जेवून आल्या, दारातच थबकल्या, आणि आपापल्या जागी गेल्या. दिवे लागेपर्यंत चारशे बारा गाठी जमिनीवर पडल्या होत्या. म्हातारीने त्या झाडून कागदात घेतल्या, पुडी खिशात घातली आणि जेवायला न थांबता वर गेली.

लू फन निघता निघता दारात उभी राहिली. "ताई, फोटोत गाठ आहे. मालावर नसली तर चित्र वेगळं, वस्तू वेगळी म्हणून सगळं परत येईल."

"फोटो बदल."

"पान सेलमध्ये लागलंय. फोटोलाही कुलूप आहे."

ती गेली. युएझेनने सासूच्या टोपलीतून लाल दोऱ्याचं रीळ काढलं, सुई ओवली. ही गाठ तिने सतरा वर्षं रोज बघितली होती, बांधली एकदाही नव्हती. दोन वेढे, मग खालून वर, मग दात लावून ओढायची.

पहिली चुकली. दुसरी सैल पडली. तिसरी हुबेहूब जमली. तिने ती रजई बाजूला ठेवली आणि पुढची ओढली.