पुलाच्या रिळातला हादरा

पूल खात्याच्या संग्रहालयातील जुनी रिळे संगणकावर उतरवून घेण्याचे काम माझ्या भाचीकडे होते. मी तंत्रशाळेत आयुष्य घालवलेला माणूस असल्यामुळे तिने मला मदतीला बोलावले. दोघांनी मिळून तीन साध्या कसोट्या बसवल्या. शेजारशेजारच्या बिंदूंच्या उजेडातला फरक फार कमी भरला, तर चित्र धूसर. चौकटीचा सरासरी उजेड खूप खाली गेला, तर चित्र अंधारे. आणि प्रत्येक चौकट आधीच्या चौकटीशी ताडून पाहता सगळेच चित्र सारखे इकडेतिकडे सरकत असेल, तर ते हललेले. ज्या रिळाचा अर्ध्याहून अधिक भाग नापास होईल, ते पुलाच्या वर्धापनदिनी दाखवायचे नाही, असा नियम भाचीनेच केला होता.

पंचाईत अशी की उद्‌घाटनाचे एकमेव रीळ तिच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या दाजींनी घेतलेले होते. ते नापास झाले.

दाजी खात्यातून छायाचित्रकार म्हणून निवृत्त झालेले. निकाल ऐकताच ते ताईला घेऊन संग्रहालयात हजर झाले.

"मेव्हणेबुवा, तुमचे यंत्र मला धूसर म्हणते?"

धूसर म्हटले होते ते उद्‌घाटनाला आलेल्या साहेबांच्या भाषणाला, आणि तिथे यंत्राचेच चुकले होते. साहेबांच्या मागे कोरी पांढरी भिंत होती. कोऱ्या भिंतीत फरक कुठून सापडणार? भाचीने फक्त चेहऱ्यापुरता भाग मोजला, तेव्हा साहेबांच्या मिशीचा केस न्‌ केस स्पष्ट निघाला. सुरुवातीचा अंधारा तुकडा मात्र दाजींनी स्वतःच कबूल केला.

"ढग आला होता. मी झाकण काढायला विसरलो असे कुणी म्हणू नये, एवढेच."

"म्हणाले का कोणी?" ताई म्हणाली. खुर्चीत बसून ती चहा पीत होती. "आणि हलण्याचे काय? लग्नाच्या वर्षापासून सांगतेय, यांचा हात हलतो. आता यंत्रही तेच सांगतेय."

"कॅमेरा तिवईवर होता," दाजी म्हणाले. "तिवईला हात असतात का?"

"बाबा, रीळ उतरवतानाच हलले असेल, असे मलाही आधी वाटले," भाची म्हणाली. "पण तसे असते तर चौकटीची काळी कडही चित्राबरोबर हलली असती. कड जागेवर आहे. हलला तो कॅमेराच."

दाजींच्या चाळीस वर्षांच्या नोकरीतले हे एकच रीळ लोकांपुढे येणार होते. त्यांचा चेहरा पाहून मलाच कसेतरी झाले. मी भाचीला चित्र सरकण्याचा आलेख पुन्हा काढायला सांगितला, आडवे सरकणे वेगळे आणि उभे वेगळे.

आडवी रेघ जवळजवळ सपाट होती. उभी मात्र एका तालात वरखाली होत होती. हाताचा कंप असा नसतो. तो वाट फुटेल तिकडे जातो. शिवाय मध्येच एका ठिकाणी उभी रेघही सपाट झाली होती, आणि पुढे पुन्हा तोच ताल.

"तिवई कशावर उभी होती, दाजी?"

"फळ्यांच्या मचाणावर. हीसुद्धा तिथेच कडेला बसली होती. नवीन लग्न, खुर्ची कोण देणार?"

भाचीने तो सपाट तुकडा लावला. चित्र खडकासारखे स्थिर. साहेब फितीपुढे उभे, कात्री कुणालाच सापडत नाही. इतक्यात एक तरुण बाई पदर सावरत आत शिरते, पिशवीतून शिवणाची कात्री काढून साहेबांच्या हाती देते आणि ऐटीत परत फिरते. फीत कापली जाते. बाई चौकटीबाहेर जाते, आणि क्षणभराने चित्र पुन्हा नाचू लागते.

माझी नजर टेबलावरच्या चहाकडे गेली. चारही कपांतला चहा एका तालात थरथरत होता. मी वाकून टेबलाखाली पाहिले. ताईची टाच टेबलाच्या पायाला टेकलेली होती आणि पाय मजेत झुलत होता.

"आई," भाची हळूच म्हणाली, "पाय."

ताईचा पाय थांबला. चहाही थांबला.

"वारा असेल त्या दिवशी," ताई म्हणाली.

"फीत बघ. तसूभर हलत नाही," दाजी म्हणाले. इतकी वर्षे साठवलेला आवाज त्यांनी किती मऊ ठेवला होता, ते ऐकण्यासारखे होते.

"मग मी आहे तेवढाच तुकडा दाखवा. तो पास आहे ना?"

पण भाचीने सगळेच वाचवले. हादरा सरळ वरखालीच असल्याने, जी चौकट जितकी खाली गेली तितकी ती वर उचलता आली. कडा थोड्या कापाव्या लागल्या, इतकेच. पुन्हा मोजल्यावर फक्त ढगाचा तुकडा नापास राहिला. रीळ कार्यक्रमात गेले.

वर्धापनदिनी सभागृहात दाजी सर्वांआधी पोहोचले. त्यांनी प्रोजेक्टरचे टेबल स्वतः ओढून ताईच्या खुर्चीपासून लांब नेले, आणि मग तिच्याशेजारी येऊन बसले.