सापडलेल्या मुलाची पोस्ट

चौक गावात जुन्या हायवेलगत हर्षलाचं शिलाईचं दुकान आहे. दुकानाचं फेसबुक पेज होतं, कुणालाही पाहता येईल असं. बरंच गिऱ्हाईक त्यावरूनच यायचं. मुलगा जितेश सहा वर्षांचा होता तेव्हा एका गिऱ्हाइकाच्या मुलीचा घागरा शिवून झाला, आणि मापाची मुलगी हाताशी नव्हती म्हणून हर्षलानं तो जितेशलाच घातला. काजळ लावलं, टिकली लावली, फोटो काढून पेजवर टाकला. लोकांनी कौतुक केलं.

नऊ वर्षांनी फेसबुकनं तोच फोटो 'आठवण' म्हणून तिच्यासमोर आणला. दुपारची वेळ, दुकानात कुणी नव्हतं. तिनं तो पुन्हा शेअर केला, वर लिहिलं 'आमची जितूताई', आणि व्हॉट्सॲपच्या स्टेटसलाही ठेवला. जितेश तेव्हा दहावीत होता.

त्याच्या वर्गातल्या एकाच्या आईनं ते स्टेटस पाहिलं. पोरानं तिच्याच मोबाइलवरून स्क्रीनशॉट काढला. संध्याकाळपर्यंत त्याचा स्टिकर झाला होता, मागचं दुकान कापून नुसता घागऱ्यातला जितेश, खाली ते नाव. वर्गाच्या ग्रुपवर कुणी क्लासची वेळ विचारली तरी उत्तरात तोच पडायचा. जितेश ग्रुपमधून बाहेर पडला, तर त्याला पुन्हा आत घेतलं.

"आई, तो फोटो काढ."

"काढते. पण लहानपणचा हाय रं. त्यात लाजायचं काय?"

"मला विचारलंस का टाकताना?"

"सहा वर्षांच्या पोराला काय विचारायचं?"

"आता पंधराचा हाय. या वेळी विचारलंस?"

हर्षलानं मोबाइल हातात घेतला. तिनं दोन्ही पोस्ट आणि स्टेटस काढून टाकलं. जितेशनं स्वतःचा मोबाइल तिच्यापुढे धरला. स्टिकर तिथंच होता. "तू तुझ्याकडचा काढलास," तो म्हणाला. "त्यांच्याकडचा कसा काढणार?"

ती शाळेत जाऊन वर्गशिक्षकांना भेटली. सरांनी वर्गात सगळ्यांना झापलं, जितेशचं नाव घेऊन. दुसऱ्या दिवसापासून नववीची पोरंही त्याला त्याच नावानं हाक मारू लागली.

एका सोमवारी तो दप्तर घेऊन निघाला आणि शाळेत पोचलाच नाही. अकराला सरांचा फोन आला. जितेशचा मोबाइल उशीखाली बंद सापडला. त्याचे वडील स्वप्नील खालापूरजवळ कंपनीत कामाला होते, ते शिफ्ट सोडून आले. पोलीस ठाण्यात तक्रार दिली.

"त्याचा फोटो ग्रुपवर टाक," स्वप्नील म्हणाले.

"त्याला नाय आवडणार."

"आधी सापडू दे."

हर्षलानं गणवेशातला फोटो निवडला. खिशावर शाळेचं नाव दिसत होतं. खाली मुलाचं नाव, वय, गाव आणि दुकानाचा नंबर लिहून अकरा ग्रुपवर आणि पेजवर टाकला.

चारच्या सुमारास फोन आला. बोलणारा रेल्वेचा गँगमन होता, धाऊ नावाचा. घाटातल्या ठाकुरवाडीच्या अलीकडे रुळांपासून हातभर अंतरावर बसलेला पोरगा त्यानं पाहिला होता. गावच्या ग्रुपवर आलेल्या फोटोवरून ओळखलं होतं. "मी त्याचा हात सोडत नाय," तो म्हणाला. "तुमी या."

दोघं जाऊन जितेशला घेऊन आले. घरी आल्यावर त्यानं विचारलं, "कुठला फोटो टाकलास?"

तिनं दाखवला. तोवर पेजवरची पोस्ट आठशे जणांनी पुढे पाठवली होती. खाली कुणीतरी विचारलं होतं, 'हीच का ती जितूताई?' आणि स्टिकरही चिकटवला होता. जितेश सगळ्या कमेंट शेवटपर्यंत वाचत बसला.

"त्या फोटोनंच वाचलास," स्वप्नील म्हणाले. खोटं नव्हतं ते. जितेशनं मोबाइल आईच्या हातात दिला आणि आत गेला.

हर्षलानं पोस्ट काढली. अकराही ग्रुपवरून मेसेज सगळ्यांसाठी डिलीट केला. पण लोकांनी पुढे पाठवलेला मेसेज तिच्या हातात नव्हता. तिनं 'मुलगा सापडला' असं टाकलं, ते फारसं कुणी पुढे पाठवलं नाही. हरवल्याचा मेसेज मात्र फिरत राहिला. त्यावर तारीख नव्हती, त्यामुळे प्रत्येकाला तो त्याच दिवशीचा वाटे.

महिन्याभरानं खालापूरच्या स्टँडवर एका बाईनं जितेशचं मनगट धरलं आणि माणसं गोळा केली. तो हिसडा देऊन पळाला. त्यानंतर घराबाहेर पडणंच त्यानं बंद केलं. शाळाही सुटली. दहावीचा फॉर्म बाहेरून भरायचं ठरलं, पण फॉर्मसाठी फोटो लागतो म्हटल्यावर तो उठून गेला. तो फॉर्म अजून भरलेला नाही.

दुकानाचा नंबर बदलता येण्यासारखा नव्हता. दिवाळीनंतर एकदा हर्षला जेवायला वाढत असताना साताऱ्याकडून फोन आला. कुणी भला माणूस सांगत होता, तुमचा पोरगा आमच्या स्टँडवर दिसलाय, अगदी फोटोतलाच.

"नाय हो दादा, तो दुसरा कोण असंल," हर्षला म्हणाली. "आमचा सापडला. घरी हाय."

तिनं फोन ठेवला. जितेश ताटावरून उठला होता.

"घरी हाय, हे पण सांगू नको कुणाला," तो म्हणाला.