वरच्या खोलीचे निरोप

बापलेकांनी चौदा महिने एका छपराखाली काढले, एकमेकांशी एक अक्षर न बोलता, आणि तरी घरात कुणाचं काही अडलं नाही. कारण मधे पोर होती, आठ वर्षांची. खाली शिवणकामाचं दुकान, त्यावर राहायचं घर, त्याच्याही वर आजोबांची खोली. "आजोबांना सांग, जेवायला वाढलंय." "तुझ्या बापाला सांग, भूक नाही." दिवसातून दहा वेळा पोर जिना चढायची नि उतरायची. घरात तिला 'टपाल' म्हणायला लागले आणि त्याची कुणालाही लाज वाटली नाही.

भांडण कशावरून, तर दोन बाह्यांवरून. म्हाताऱ्यांची नजर अधू झाली होती. एका गिऱ्हाइकाच्या कोटाचं कापड त्यांनी दुहेरी न घालता एकेरी अंथरलं, कागदाचा नमुना उलटा करायला विसरले आणि दोन्ही बाह्या डाव्या हाताच्याच कापल्या. कापडाला सुलट बाजू एकच होती, त्यामुळे फिरवून भागवण्याचीही सोय नव्हती. ही चूक नवशिक्याने केली असती तर सगळे हसले असते. इथे मुलगा गिऱ्हाइकासमोर बापाला म्हणाला, "कात्री खाली ठेवा आता. होतं ते नावही घालवाल." म्हाताऱ्यांनी कात्री ठेवली, गळ्यातली टेप काढून तिच्या शेजारी ठेवली आणि वर निघून गेले. त्यानंतर ते जिवंतपणी दुकानात आले नाहीत.

आजोबांच्या अंत्यविधीला पाच दिवस झाले तरी पोर हूं का चूं करत नव्हती. शाळेतल्या समुपदेशक बाईंनी आईबापाला बोलावून सांगितलं, तिला आजोबांना पत्र लिहू द्या. सोबत एकाने बसायचं. 'झोपले', 'लांब गेले' असलं काही सांगायचं नाही, मेले म्हणायचं. शुद्धलेखन तपासायचं नाही. ती अडली तर विचारायचं, सुचवायचं नाही. काय आठवतं, कशाचा राग आला, कशाचं वाईट वाटतं, शेवटी काय सांगायचंय, एवढंच. आणि पत्र तिचं. कुणी वाचायचं, कुठे ठेवायचं, ते तीच ठरवणार.

"तूच बस," पोरीची आई नवऱ्याला म्हणाली. "बाप तुझा गेलाय."

रविवारी दुपारी बंद दुकानात, कापडं बेतायच्या टेबलापाशी दोघं बसले. पोरीने कोरा कागद पुढे ओढला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा काही विचारलं.

"हे त्यांना पोचणार कसं?"

"नाही पोचणार," तो म्हणाला. त्याचं त्यालाच ते फार कोरडं वाटलं. "आजोबा मेलेत. मेलेल्या माणसाला वाचता येत नाही. पण तुला जे सांगायचं राहिलंय ते तुझ्या आत अडकून बसणार नाही."

तिला ते पटलेलं दिसलं. मुलांना खरं पटतं. मोठ्यांनाच त्यावर साखर लागते.

"त्यांचे हात आठवतात?" त्याने विचारलं.

ती लिहू लागली, जीभ दाताखाली धरून. तुमच्या बोटांना खडूचा वास यायचा. दुकानात येत नव्हतात तरी यायचा. तुम्ही उशीत खडू ठेवायचात. सुईत दोरा मी ओवून द्यायचे कारण तुम्हाला भोक दिसायचं नाही. ते मी कुणाला सांगितलं नाही.

उशीतल्या खडूचं त्याला ठाऊक नव्हतं. म्हातारा वर बसून रिकाम्या हातांनी कसलं कापड आखत होता, देव जाणे. त्याने पुढचा प्रश्न विचारला. "त्यांचा राग आला का कधी?"

मला न सांगता मेलात, तिने लिहिलं. 'मेलात' या शब्दाखाली दोन रेघा मारल्या. 'असं म्हणू नये गं' हे त्याच्या ओठांवर आलं होतं. त्याने ते परतवलं. बाईंनी बजावलं होतं.

"आणि कशाचं वाईट वाटतं?"

यावर तिने कागदावर हात आडवा धरला. तो तसाच धरून ती लिहू लागली. मग तिने आपणहून हात काढला.

आजोबा, मी तुमच्याशी खोटं बोलले. तुम्ही रोज विचारायचात बाबा काय म्हणतो. मी म्हणायचे, बाबा म्हणाला तब्येत सांभाळा. बाबा म्हणाला मी रविवारी वर येतो. बाबा काहीच म्हणाला नव्हता.

त्याने ते दोनदा वाचलं.

"दर रविवारी?" त्याने विचारलं.

"हो. ते दाढी करायचे. इस्त्रीचा शर्ट घालायचे. खुर्चीवरचे कपडे काढून ठेवायचे, तुला बसायला." तिने पेन्सिल खाली ठेवली. "त्या रविवारीपण मी सांगितलं. ते वाट बघून बघून मेले. माझ्यामुळे."

म्हणजे इतके दिवस पोर हे पोटात घेऊन फिरत होती. त्याने तिला जवळ ओढलं. आता शब्द तोलून वापरायला हवे होते, आणि आयुष्यात प्रथमच त्याने ते तसे वापरले. "ऐक. त्यांचं हृदय कमजोर झालं होतं. डॉक्टरांनी वर्षापूर्वीच सांगितलं होतं. ते बंद पडलं म्हणून ते मेले. खोटं बोलण्याने कुणी मरत नाही. तुझ्यामुळे काहीही झालेलं नाही. कळलं?"

"मग त्यांना वाट का बघायला लागली?"

"माझ्यामुळे. मी जायला हवं होतं. मी गेलो नाही. ती चूक माझी, तुझी अजिबात नाही."

"का नाही गेलास?"

"वाटायचं, आधी ते खाली येतील."

"त्यांचे गुडघे दुखायचे."

"मला कुणी बोललं नाही."

"मी बोलले होते," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच त्याला जास्त लागलं. "तू कापड मोजत होतास. तू म्हणालास, मधे बोलू नको, आकडा चुकतो."

एकोणीस पायऱ्यांचा जिना. आठ वर्षांच्या पोरीने तो हजार वेळा चढला आणि धडधाकट बाप्याला एकदाही जमला नाही.

ती पुन्हा लिहायला लागली, आता भराभर. माझ्यामुळे झालं नाही असं बाबा म्हणतो. मला तुमची आठवण येते. मी आता खोटं सांगणार नाही. तुमची नात. नाक पुसून तिने पत्र तपासलं. खांदे बरेच खाली आले होते. तिचं ओझं उतरलं, हे त्याला दिसलं, आणि बाप म्हणून बरं वाटलं. मुलगा म्हणून काय वाटलं, ते सांगण्यासारखं नाही.

"खाली जागा आहे अजून," तो म्हणाला. "माझं एवढं लिही. म्हणावं, मी चुकलो. तुमच्यासारखा कारागीर मी पाहिला नाही म्हणावं. आणि माफ करा म्हणावं."

पोरीने पेन्सिल उचलली. कागदावर टेकवली. मग परत ठेवली.

"नको, बाबा."

"का गं?"

"त्यांना वाटेल, हेपण मीच बनवलंय."

तिने पत्राची नीट घडी घातली, फ्रॉकच्या खिशात ठेवली आणि ती जिन्याकडे गेली. पहिल्या पायरीवरून वळून म्हणाली, "तू तुझा कागद घे."

त्याने घेतला. नमुने काढायचा मोठा, तपकिरी कागद, तोच हाताशी होता. वर 'बाबा' असं लिहिलं. पुढे तासभर बसला, पण मधे कुणी नसताना बापाशी कसं बोलायचं, ते त्याला येईना.